शॅनन सारखाच, जागा मात्र वेगळ्या: माझ्या डेझर्टेशनमधला रँक-अबंडन्स वक्र

एम.एस्सी.चं डेझर्टेशन एकदाचं मे महिन्यात संपलं. विषय साधा वाटावा असा होता: पुण्याजवळच्या एकाच टेकडीवरच्या दोन बिघडलेल्या जागा घ्यायच्या, तिथल्या पावसाळी झुडुपांची आणि गवतांची मोजणी करायची आणि कुठे एकाच प्रजातीचं वर्चस्व आहे, कुठे वाटणी समान आहे ते रँक-अबंडन्स वक्रावरून, म्हणजे प्रजाती जास्त संख्येपासून कमीकडे लावून काढलेल्या आलेखावरून, सांगायचं. अहवालाच्या मधल्या प्रकरणात मी बरेच दिवस अडकले होते. पुढच्या बॅचमधल्या दोघी-तिघींनी त्याच जागी अडकून फोन केला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

पहिली जागा म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी, वाटेलगत बांधकामाचा राडारोडा टाकून सपाट केलेला तुकडा. तिला मी 'अ' म्हणते. दुसरी, 'ब', वरच्या अंगाचा गवताळ उतार. हा उतार आदल्या मार्चमध्ये वणव्यात जळाला होता. दोन्हींखाली तोच बेसाल्ट, पाऊसही तोच, मधे जेमतेम अर्धा किलोमीटर अंतर. बदल होता तो बिघाडाच्या जातीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परवानगीचा अर्ज दिला. विभागप्रमुखांचं पत्र, जागेचा नकाशा, अक्षांश-रेखांश, आणि 'एकही झाड तोडणार नाही, नमुना नेणार नाही' असं हमीपत्र. हमीपत्र साध्या कागदावर चालेल असं आधी सांगितलं, मग स्टॅम्प पेपरवर आणा म्हणाले. नकाशावर जागेची हद्द आखलेली नव्हती म्हणून फाइल एकदा परत आली. परवानगी हातात पडेपर्यंत ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला होता. पावसाळी वनस्पतींवर काम करणार असाल तर अर्ज एप्रिलमध्येच द्या, कारण सप्टेंबर सरला की अर्ध्या प्रजाती वाळून ओळखू येत नाहीत. आणि पत्रात 'ओळखीसाठी प्रत्येकी एक नमुना' एवढी सवलत मागून घ्या. माझ्या परवानगीत ती नव्हती, त्यामुळे सगळी ओळख फोटोंवर आली: पान, खोड, फूल, फळ आणि शेजारी पट्टी, असे प्रत्येकी किमान चार फोटो.

साहित्याचा खर्च किरकोळ. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली, सगळे मिळून अडीचशे रुपयांच्या आत. एल्बो चिकटवू नका. चौकट सुटी झाली तर बसमध्ये नेता येते. प्रत्येक जागेवर ५० बाय ४० मीटरचा आयत आखला आणि त्यात यादृच्छिक आकड्यांनी ठरवलेल्या वीस ठिकाणी चौकट टाकली. आकडे घरीच काढून कागदावर नेले होते. टेकडीवर उभं राहून जागा निवडायला लागलं की पाय आपोआप फुलं असलेल्या भागाकडे वळतात.

खरी डोकेदुखी मोजणीची होती. रँक-अबंडन्स वक्राला प्रत्येक प्रजातीची संख्या लागते, आणि संख्या म्हटली की 'एक' म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं. टाकळ्याचं रोप एक म्हणजे एकच. कुसळीचं काय? तिचा ठोंब असतो, ठोंबातून वीस काड्या. आम्ही ठोंब एक धरला. हरळी त्याहून अवघड, ती जमिनीवर पसरत पेरापेराला मुळं धरते. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "नियम कुठलाही कर, पण पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत तोच ठेव आणि पद्धतीच्या प्रकरणात लिही." मग वीतभर अंतराने सुटा दिसणारा प्रत्येक मुळं धरलेला पुंजका एक, असा नियम केला. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान रोपटी मोजायची नाहीत, हा दुसरा नियम. तो नसता तर 'अ' जागेवर गाजरगवताच्या कोवळ्या रोपट्यांनी आलेख पार आडवातिडवा झाला असता.

याला जोड म्हणून प्रत्येक चौकटीत प्रत्येक प्रजातीने किती टक्के जमीन झाकली आहे तेही अंदाजाने लिहीत गेले. त्याचा उपयोग झाला. सप्टेंबरच्या मध्यात गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरे तुटून पडले होते, पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले. काही चौकटींत रोपं उभी, पण पानांच्या जागी नुसत्या शिरा. गाजरगवताचा बंदोबस्त व्हावा म्हणून हा भुंगेरा १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणला गेला. संख्येच्या हिशोबात ते रोप तसंच 'एक' राहतं. झाकलेल्या जमिनीच्या हिशोबात ते जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून दोन्ही मापांचे वक्र काढले. 'अ' जागेवर दोन्हींत गाजरगवत पहिलंच राहिलं, पण हरळी संख्येत सातवी होती ती झाकलेल्या जमिनीत दुसरी आली. अहवालात मुख्य वक्र संख्येचा ठेवला आणि दुसरा त्याच्या खाली.

आमच्या टेकडीवरचे वॉचमन काका रोज चौकशी करायचे. एकदा म्हणाले, "ताई, हे गाजरगवत मोजून काय करणार? उपटून टाका की." परवानगीत उपटायची मुभा नाही हे ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना. गाजरगवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकातली, पुण्याचीच. तेव्हा ते मोजायला पुण्याच्या टेकडीवर बसणं तसं रीतसरच होतं.

ऑक्टोबर महिना ओळखीत गेला. फोटो घेऊन आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये बसायचं, सर वेळ देतील तेव्हा. गवतांना सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटी 'अ' जागेवर ६०० रोपं आणि २६ प्रजाती, 'ब' जागेवर ४०० रोपं आणि १४ प्रजाती अशी बेरीज झाली. बेरजा इतक्या गोल आल्या म्हणून मैत्रिणीने मला बरंच छळलं, पण तक्ते उघडून दाखवल्यावर गप्प बसली.

मग आकडेमोड. नेहमीप्रमाणे आधी विविधतेचा शॅनन निर्देशांक काढला: 'अ' २.३४, 'ब' २.३६. एवढ्यावर थांबले असते तर 'दोन्ही जागांची विविधता सारखीच आहे' असं वाक्य लिहून मोकळी झाले असते. टेकडीवर उभं राहिलेल्या कुणालाही ते पटलं नसतं. एका जागेवर गुडघाभर गाजरगवत, दुसरीकडे सात-आठ प्रजातींचं मिसळलेलं गवत, आणि आकडा तोच. शॅननमध्ये प्रजातींची संख्या आणि त्यांच्यातली वाटणी या दोन गोष्टी एका आकड्यात मिसळून येतात. 'अ'मध्ये प्रजाती जास्त पण वाटणी वाईट, 'ब'मध्ये प्रजाती कमी पण वाटणी चांगली. बेरीज-वजाबाकी होऊन दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. नेमकं हेच वेगळं करून दाखवायला रँक-अबंडन्स वक्र लागतो.

तो काढायला अवघड नाही. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० च्या दशकात तो रूढ केला, म्हणून त्याला व्हिटेकर प्लॉटही म्हणतात. एका जागेच्या प्रजाती संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावायच्या. सर्वांत जास्त असलेलीचा क्रमांक एक, पुढची दोन, असं शेवटपर्यंत. हा क्रमांक आडव्या अक्षावर. उभ्या अक्षावर त्या प्रजातीचा एकूण संख्येतला वाटा, आणि हा अक्ष लॉग मापाचा. साध्या मापावर काढला तर 'अ'चं गाजरगवत वर एकटं उभं राहतं आणि उरलेल्या पंचवीस प्रजाती खाली रेघेला चिकटून जातात.

'अ'चे आकडे असे होते: २२२, ६६, ५२, ४४, ३६, २८, २४, २०, १७, १४, १२, ११, ९, ८, ७, ६, ५, ४, ४, ३, २, २ आणि शेवटी चार प्रजाती प्रत्येकी एक. पहिलं गाजरगवत, दुसरा टाकळा, तिसरी एकदांडी. 'ब'चे: ७२, ६०, ५२, ४४, ३८, ३२, २६, २१, १७, १३, १०, ७, ५, ३. तिथे पहिली कुसळी, जिला वणवा सोसतो. एकदांडी नवव्या क्रमांकावर.

हे मी R मध्ये केलं. दोन ओळींचा तक्ता, A आणि B, स्तंभांत प्रजाती:

```r
library(vegan)
m <- read.csv("sites.csv", row.names = 1)
specnumber(m)
diversity(m)
diversity(m) / log(specnumber(m))
rarefy(m, sample = 400)

rac <- function(x) {
  x <- sort(x[x > 0], decreasing = TRUE)
  x / sum(x)
}
a <- rac(unlist(m["A", ]))
b <- rac(unlist(m["B", ]))
plot(a, log = "y", type = "b", ylim = c(0.001, 1),
     xlab = "Rank", ylab = "Relative abundance")
lines(b, type = "b", pch = 17, lty = 2)
```

आलेख पडद्यावर आला तेव्हा आधी बरं वाटलं आणि मग गोंधळ उडाला. 'अ'चा वक्र ३७ टक्क्यांवर सुरू होतो, दुसऱ्याच प्रजातीला ११ टक्क्यांवर कोसळतो आणि मग हळूहळू उतरत लांबवर जातो. 'ब'चा १८ टक्क्यांवर सुरू होतो, वरती जवळजवळ सपाट असतो, आणि शेवटी झपकन खाली येऊन चौदाव्या क्रमांकावर संपतो. डोळ्यांनी पाहिलं तर वर्चस्व कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. पण बऱ्याच नोट्समध्ये 'तीव्र उतार म्हणजे वर्चस्व, सौम्य उतार म्हणजे समानता' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यापुढे उताराचा आकडा मागितलेला असतो. मी तो काढला. 'अ'मध्ये वाटा ०.३७ वरून १/६०० पर्यंत येतो, म्हणजे दहा पायाच्या लॉग मापावर २.३५ ची घसरण, पंचवीस पायऱ्यांत: दर पायरीला ०.०९४. 'ब'मध्ये ०.१८ वरून ३/४०० पर्यंत, १.३८ ची घसरण, तेरा पायऱ्यांत: दर पायरीला ०.१०६. म्हणजे नियम शब्दशः लावला तर गाजरगवताने भरलेली 'अ' जागा अधिक समान ठरते!

दोन-तीन दिवस मी तक्तेच तपासत बसले. तक्ते बरोबर होते. मॅडमना दाखवल्यावर त्यांनी पेन्सिलने आडव्या अक्षाकडे बोट केलं. "हा अक्ष दोघींचा सारखा लांब आहे का?" नव्हता. उतार काढताना आपण प्रजातींच्या संख्येने भागतो. 'अ'च्या लांब शेपटीत एकेकट्या प्रजाती आहेत. त्यांनी भाजक वाढवला आणि सरासरी उतार सौम्य केला. समानता मोजायला गेलो आणि प्रजातींची संख्याच मोजून आलो.

उपाय सोपा निघाला. क्रमांकाला त्या जागेच्या एकूण प्रजातींनी भागून दोन्ही वक्र एकाच लांबीचे केले, म्हणजे आडवा अक्ष शून्याच्या जवळून सुरू होऊन एकवर संपतो. आता 'अ' सगळ्या लांबीत २.३५ घसरतो आणि 'ब' १.३८, आणि 'अ' उघडपणे तीव्र दिसतो. पिलूचा समानतेचा निर्देशांकही तेच सांगतो: 'अ' ०.७२, 'ब' ०.८९. अहवालात दोन्ही आलेख शेजारी ठेवले, साधा क्रमांक आणि भागलेला क्रमांक. पहिल्यावरून प्रजाती किती ते वाचायचं, दुसऱ्यावरून वाटणी. प्रजातींची संख्या बरीच वेगळी असलेल्या जागांची तुलना करणार असाल तर दुसरा आलेख टाळू नका.

यानंतर मॅडमनी तीन शंका काढल्या, आणि त्यांची उत्तरं शोधण्यात डिसेंबर गेला. पहिली: 'अ'मध्ये रोपं ६०० आणि 'ब'मध्ये ४००, मग लांब शेपटी नुसत्या जास्त मोजणीमुळे नाही ना? त्यासाठी वरच्या कोडमधली `rarefy` ची ओळ. 'अ'मधून यादृच्छिक ४०० रोपं घेतली तर सरासरी २४.४ प्रजाती सापडतील असं उत्तर आलं. २६ ऐवजी २४, समोर १४. शेपटी खरी होती.

दुसरी शंका: २२२ गाजरगवतं एका-दोन चौकटींत दाटलेली असतील तर? सगळ्या चौकटी एकत्र करून वक्र काढला की गुच्छ दिसत नाहीत. चौकटीवार तक्ता उघडला. गाजरगवत वीसपैकी सतरा चौकटींत होतं, सर्वांत दाट चौकटीत ४१. ती चौकट वगळून वक्र पुन्हा काढला, पहिल्या प्रजातीचा वाटा ३३ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि आकार तोच. चौकटीवार नोंदी जपून ठेवल्या म्हणून हे अर्ध्या तासात झालं. टेकडीवरच एकूण बेरीज करून टाकणाऱ्यांना हा प्रश्न सोडवता येत नाही.

तिसरी शंका मला सर्वांत आवडली. 'अ'च्या शेपटीतल्या चार एकेकट्या प्रजाती कोण? एक टोमॅटोचं रोप, एक झेंडू, एक पपईचं रोपटं, आणि एक शेवटपर्यंत ओळख न पटलेलं, फूल न आलेलं काहीतरी. राडारोड्याबरोबर कुणाच्या तरी परसातली माती आली होती. ही रोपं मुळं धरून उभी होती, तेव्हा मोजणीत ती राहणारच. पण 'अ' जागेची समृद्धी सांगताना निम्मी गोष्ट ट्रकने आलेली आहे, हे वक्र सांगत नाही. वक्राला नावं माहीत नसतात. गाजरगवत आणि कुसळी यांची अदलाबदल केली तरी रेघ तीच राहील. म्हणून आलेखावर पहिल्या पाच बिंदूंना आणि शेवटच्या चारांना नावं लिहिली. एवढ्या एका गोष्टीने आलेख वाचायला निम्मा सोपा झाला.

भौमितिक श्रेणी, लॉगनॉर्मल, ब्रोकन स्टिक ही प्रारूपं `radfit` ने बसवून पाहिली आणि परिशिष्टात टाकली. 'ब'चा वक्र ब्रोकन स्टिकच्या जवळ जातो. त्यावरून 'इथे प्रजातींनी साधनसंपत्ती वाटून घेतली आहे' असं लिहायचा मोह होतो, लिहू नका. वेगवेगळ्या प्रक्रियांतून एकच आकार तयार होऊ शकतो, आणि चौदा बिंदूंवर दोन-तीन प्रारूपं बरी बसतात.

चर्चेच्या प्रकरणात एक वाक्य मॅडमनी तीनदा खोडलं: 'वणव्यामुळे समानता वाढली.' माझ्याकडे जळालेली जागा एकच, राडारोड्याची जागा एकच. वीस चौकटी म्हणजे वीस वणवे नव्हेत. त्या एकाच वणव्याच्या वीस नोंदी. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. त्यामुळे मी लिहिलं ते एवढंच: या दोन जागांचे वक्र असे वेगळे आहेत, आणि वणव्याआधीची मोजणी उपलब्ध नाही. दोन वक्रांची कोल्मोगोरोव्ह-स्मिरनोव्ह चाचणी करून पी-मूल्य लिहिण्याची पद्धत काही जुन्या अहवालांत दिसते. आम्ही ती वगळली, कारण एका चौकटीतली रोपं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

मार्चअखेर मसुदा, मग साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल, मग हार्डबाउंड तीन प्रती. बाइंडिंगला दोन दिवस सांगितले होते, सहा लागले. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्याच विभागांची गर्दी असते. रंगीत पानं महाग पडतात, म्हणून दोन वक्र रंगाऐवजी गोल-त्रिकोण आणि सलग-तुटक रेघेने वेगळे केले होते. कृष्णधवल छपाईत तेच कामी आलं.

मे महिन्यातल्या व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी आलेखाचं पान उघडून एकच प्रश्न बराच वेळ धरून ठेवला. "बरं, यातली जास्त विविध जागा कुठली?" मी एकत्रित वाट्याचा आलेख दाखवला, ज्यात पहिल्या प्रजातीपासून बेरीज करत जातात. पहिल्या पाच प्रजातींपर्यंत 'अ' वर असतो. सहाव्याला दोन्हीकडे बेरीज ७५ टक्क्यांच्या जवळ येते. सातव्यापासून 'ब' वर जातो. रेघा एकमेकींना छेदतात, म्हणून एक जागा सरळसरळ जास्त विविध म्हणता येत नाही. नेहमीच्या प्रजातींना वजन दिलं तर 'ब', दुर्मिळांना दिलं तर 'अ'. ते म्हणाले, "मग हे सारांशात का नाही?" नव्हतं खरं. सारांशात ते वाक्य घालून आणि आलेखाखाली प्रत्येक जागेची एकूण रोपं व अक्ष लॉग मापाचा असल्याची नोंद देऊन सुधारित पानं आठ दिवसांत द्यायची होती. बाइंडिंग पुन्हा करावं लागलं नाही. आमच्याकडे सुधारित पानं सहीशिक्क्यासह शेवटी जोडली तरी चालतात. तुमच्याकडे चालतात का ते परीक्षा विभागात आधीच विचारून ठेवा.